गाळा पाच वर्षांसाठी, वाढ पाच टक्क्यांनी

[दृश्य: अर्धं उघडलेलं शटर, आत सुतार टेपने भिंत मोजतोय]

पुण्यात कर्वेनगरमधला हा गाळा, दहा बाय वीसचा. सुतार जिथं टेप लावतोय तिथं ताईंना ब्लाऊज कटिंगचं टेबल टाकायचंय, समोर मॅचिंगचे रॅक, मागं ट्रायलसाठी पडदा. करार अजून झालेला नाही, भाडंही ठरलेलं नाही. पण ताईंनी सुताराला आधी बोलावलं आणि ते बरोबर केलं, कारण दुकान लावायला किती लागणार हे माहीत नसेल तर मालकाकडं किती वर्षं मागायची हे कसं कळणार?

सुतार, वायरिंग, लाईट, बोर्ड मिळून आकडा आला 4 लाख.

[दृश्य: वहीचं पान, ताईंचा हात]

मालक काकांचं म्हणणं असं, भाडं 30 हजार, डिपॉझिट 3 लाख, दर वर्षी दहा टक्के वाढ, आणि करार 11 महिन्यांचा, "पुढं बघू". आता वहीत बघा. 4 लाख भागिले 11, म्हणजे महिन्याला 36 हजारांच्या वर, खुद्द भाड्यापेक्षा जास्त! तेच 60 महिन्यांत वाटले तर पावणेसात हजारांच्या आत. फर्निचर तेच, गाळा तोच. आणि 11 महिन्यांनी काकांनी भाडं एकदम वाढवलं तर ताई काय करणार, भिंतीला ठोकलेले रॅक उचलून नेणार का? म्हणून ताईंनी भाडं बाजूला ठेवून आधी मुदत धरली, पाच वर्षं.

[दृश्य: काकांची गॅलरी, चहा]

काकांचा प्रश्न रास्त होता. पाच वर्षं अडकलो आणि आजूबाजूचा रेट वाढला तर? इथं ताईंनी जे केलं ते दुकान घेणाऱ्या प्रत्येकाने नीट ऐकावं असं मला मनापासून वाटतं. बहुतेक लोक भाडं दोन हजारांनी कमी करा म्हणून हटून बसतात. ताई म्हणाल्या, "काका, मी दोन हजार वाढवून देते, 32 घ्या, पण वाढ पाच टक्के ठेवा."

काका खूश, पहिल्याच वर्षी हातात 24 हजार जास्त. पण दहा टक्के वाढ ही आधी वाढलेल्या भाड्यावर लागते. 30 हजारांचे पाचव्या वर्षी 43,923 होतात. 32 हजारांचे पाच टक्क्यांनी पाचव्या वर्षी 38,896. पाच वर्षांची बेरीज केली तर पहिल्या हिशेबात 21 लाख 98 हजार, दुसऱ्यात 21 लाख 22 हजार, म्हणजे भाडं वाढवून देऊनही ताईंचे 76 हजार वाचले. काका फसले असंही नाही, त्यांना पैसे लवकर मिळतायत आणि पाच वर्षं गाळा रिकामा राहायची धास्ती कमी.

लॉक-इन, म्हणजे ठरलेल्या काळात करार मोडायचा नाही ही अट, त्यावरून मात्र बराच वेळ गेला. काकांच्या मसुद्यात ती फक्त ताईंवर होती, मालकाने कधीही एक महिन्याच्या नोटिशीवर काढावं असं. शेवटी ठरलं की ताईंना पहिल्या वर्षात गाळा सोडता येणार नाही, नंतर तीन महिन्यांची नोटीस देऊन जाता येईल, आणि भाडं वेळेवर येतंय तोवर काकांनी पाच वर्षं उठवायचं नाही. फर्निचरचा एक महिना बिनभाड्याचा.

डिपॉझिटची बोलणी शूट करता आली नाहीत. ते 2 लाखांवर आलं, भाड्याबरोबर वाढणार नाही, चावी देईल त्याच दिवशी परत, आणि कापायचं तर फक्त थकलेलं भाडं, लाईट बिल आणि मोडतोड. रंग उडाला म्हणून नाही.

[दृश्य: लॅपटॉप, अंगठ्याचं मशीन]

अंगठा लागण्याआधी ताईंनी एक कलम घालून घेतलं. हा करार लिव्ह अँड लायसन्स आहे, म्हणजे जागा वापरायची नुसती परवानगी, भाडेपट्टा नाही, आणि 1882 च्या ईझमेंट्स ॲक्टप्रमाणे मालकाने जागा विकली तर नवीन मालकावर लायसन्स बंधनकारक राहत नाही. पाच वर्षं लिहिलेली असली तरी! म्हणून कलम असं की गाळा विकताना घेणाऱ्याकडून हाच करार लेखी मान्य करून घ्यायचा, नाहीतर डिपॉझिट आणि उरलेल्या महिन्यांच्या हिशेबाने फर्निचरचा खर्च काकांनी द्यायचा. हे नसतं तर 4 लाखांचं काम गाळ्याबरोबर गेलं असतं.

स्टॅम्प ड्युटी साडेपाच हजारांच्या आसपास, नोंदणी फी 1 हजार, दोघांनी निम्मी निम्मी भरली. पाचही वर्षांचं भाडं टक्क्यांत न ठेवता वर्षवार रुपयांत लिहिलंय, तारखेसकट.