ओठ आधी, आवाज मागून

बसा बसा, मागे खुर्च्या आहेत अजून. तर आज आपण एकाच घरातली केस घेऊ, माझ्या मावशीची, परळची. दहा बाय पंधराची खोली, रात्री नातू अभ्यासाला बसतो आणि मावशीला तेव्हाच सिरियल बघायची असते. टीव्ही जुना एलसीडी, त्यात ब्लूटूथचा पत्ता नाही. म्हणून मी लॅमिंग्टन रोडवरून एक ब्लूटूथ ट्रान्समीटर आणला, टीव्हीच्या हेडफोन जॅकला लावला, घरातला कुठलातरी हेडफोन पेअर केला आणि खुशीत घरी गेलो. दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन, अरे ही बाई तोंड मिटते आणि मग बोलते!

आता हे नेमकं किती, ते मोजलं मी. फोनवर टाळी वाजवतानाचा व्हिडिओ काढला, पेनड्राइव्हने टीव्हीवर लावला, आणि हेडफोनचा एक कप दुसऱ्या फोनच्या माइकला चिकटवून टीव्हीचं परत शूटिंग केलं. मग एडिटिंग ॲपमध्ये फ्रेम मोजल्या. हात भिडल्यावर सात फ्रेमनी टाळी ऐकू आली. सेकंदाला तीस फ्रेम धरल्या तर एक फ्रेम 33 मिलिसेकंदांची, म्हणजे जवळजवळ 230 मिलिसेकंद उशीर. आवाज साधारण 125 च्या पुढे मागे पडला की आपल्याला खटकायला लागतं, विशेषतः प, ब, म आले की, कारण तिथे ओठ मिटलेले दिसतात ना.

उशीर होतो कुठे? ट्रान्समीटर आवाज दाबून पॅक करतो, हवेतून पाठवतो, हेडफोन तो उलगडतो, पण त्याआधी थोडा साठवून ठेवतो. सगळी मेख या साठ्यात आहे. सोसायटीच्या टाकीसारखं समजा, टाकी मोठी असेल तर पाणी मध्येच गेलं तरी तुम्हाला कळत नाही, पण नळाला येतं ते मगाचचं पाणी. टाकीच्या जागी पिंप ठेवलं तर पाणी ताजं, पण पुरवठा जरा अडला की नळ कोरडा. लो लेटन्सी मोड, म्हणजे कमी उशिराचा मोड, म्हणजे हे पिंप.

ट्रान्समीटरच्या बॉक्सवर लो लेटन्सी लिहिलेलं होतं हो, मीही तेच बघून घेतला होता. पण आवाज पॅक करायची ही पद्धत, ॲप्टएक्स लो लेटन्सी, दोन्हीकडे लागते, ट्रान्समीटरमध्येही आणि हेडफोनमध्येही. एकात नसेल तर दोघं गुपचूप दोघांना येणाऱ्या भाषेवर, बहुतेक वेळा एसबीसी या ब्लूटूथच्या साध्या पद्धतीवर, येतात आणि तुम्हाला कोणी सांगत नाही. नुसतं ॲप्टएक्स किंवा ॲप्टएक्स एचडी लिहिलं असेल तर ते हे नव्हे. अॅपलचे एअरपॉड्स कितीही महाग असले तरी त्यांत हे नाही. आणि टीव्हीच्या मेन्यूतलं ऑडिओ डिले फिरवत बसू नका, ते आवाज अजून मागे ढकलतं, आपल्याला चित्र मागे ढकलायचंय. टीव्हीचा गेम मोड चालू असेल तर बंद करून बघा, कारण तो चित्र लवकर दाखवतो आणि फरक उलट वाढतो.

दुसरा हेडफोन आणला, लो लेटन्सीवाला. ट्रान्समीटरवरचा त्या मोडचा दिवा लागला, परत मोजलं, दोन फ्रेमच्या आत. मावशी खूश. दोन दिवसांनी परत फोन, आता आवाज तुटतोय, कुर्रर्र करून थांबतो!

गेलो तर काय, ट्रान्समीटर टीव्हीच्या पाठीमागे लोंबतोय, पुढे पत्रा आणि सर्किटचं जाडजूड पॅनल, शेजारीच राउटर, आणि मावशी तीन मीटरवर. ब्लूटूथ आणि जुना वायफाय दोघं 2.4 गिगाहर्ट्झवरच चालतात, त्यात चाळीतल्या प्रत्येक घरात एक राउटर. आधीचा हेडफोनही अडखळत असणार, पण मोठ्या टाकीमुळे कळत नव्हतं. बॉक्सवरचे दहा मीटर मोकळ्या मैदानातले असतात, मध्ये भिंत किंवा माणूस आला की कमी होतात, कारण आपलं शरीर पाण्याचं आणि ते या लहरी खातं.

मग मी काय केलं, एक मीटरची साडेतीन एमएमची एक्स्टेंशन वायर घेऊन ट्रान्समीटर टीव्हीच्या पुढे, बाजूच्या कडेला डबल टेपने चिकटवला, मावशीला सरळ दिसेल असा. राउटर दुसऱ्या कोपऱ्यात हलवला आणि नातवाचा लॅपटॉप 5 गिगाहर्ट्झवर टाकला. तुटणं थांबलं. स्वयंपाकघरात गेल्यावर मात्र भिंतीमागे अजून तुटतं, आणि मायक्रोवेव्ह चालू असेल तर जास्तच. तिथे हवा असेल तर साधा मोड लावायचा, उशीर चालेल, कारण तिथून टीव्ही कुठे दिसतो! मावशीची आता तक्रार वेगळीच आहे, कानात हे असलं की कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत.