एमसीव्ही ८४ आहे, तरी स्मिअर नॉर्मल नाही

(नाशिक येथे द्वितीय वर्ष एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मुलांनो, आज सगळे अॅनिमिया एका तासात उरकायचे नाहीत. एकच स्लाइड घेऊ आणि तिचं वर्णन कसं लिहायचं ते नीट पाहू. ही स्लाइड मी मुद्दाम निवडली, कारण प्रॅक्टिकलला चांगली अभ्यासू मुलंसुद्धा तिच्यावर चुकतात.

सोबत दिलेली माहिती अशी. दिंडोरीकडची ३४ वर्षांची बाई, द्राक्षबागेत मजुरीला जाते. घर माळकरी, त्यामुळे मांस-अंडी कधीच नाही, आणि दूधही चहापुरतंच. पाळीत रक्तस्राव जास्त. चालताना दम लागतो, जीभ झोंबते. सेल काउंटरचे आकडे: हिमोग्लोबिन ६.८ ग्रॅम, एमसीव्ही ८४, आरडीडब्ल्यू २७, पांढऱ्या पेशी ३,८००, प्लेटलेट १ लाख ३० हजार.

विद्यार्थी काय करतो? एमसीव्ही ८४ दिसला की स्लाइड बघायच्या आधीच त्याच्या मनात 'नॉर्मोसायटिक' पक्कं होतं. मग मायक्रोस्कोपला डोळा लावतो, पण शोधतो ते आधीच ठरवलेलंच. एमसीव्ही ही सरासरी आहे. अर्ध्या पेशी ६५ च्या आणि अर्ध्या १०५ च्या असल्या, तर सरासरी ८५ येईल आणि ८५ ची पेशी कदाचित एकही नसेल. या रिपोर्टमध्ये खरी गोष्ट सांगतोय तो आरडीडब्ल्यू. २७ म्हणजे आकारांत फार मोठी तफावत आहे. ती कशामुळे, हे मशीन सांगत नाही. ते स्लाइडवरच बघावं लागतं.

आधी जागा निवडा. १० च्या ऑब्जेक्टिव्हवर पूर्ण स्मिअरवरून एक फेरी मारा. जाड भागात पेशी एकमेकींवर चढलेल्या असतात. शेपटीकडे त्या चपट्या होतात, मधला फिका भाग नाहीसा होतो आणि पेशी आहे त्यापेक्षा मोठी दिसते. तिथे बसून वर्णन लिहिलंत तर नसलेले मॅक्रोसाइट आणि नसलेले स्फेरोसाइट दोन्ही लिहाल. पेशी शेजारी-शेजारी आहेत, क्वचित टेकतात पण चढत नाहीत, असा पट्टा शोधा आणि मग ऑइल इमर्शन लावा. अॅनिमियाचं रक्त पातळ असतं, ओढताना ते लांब पसरतं. म्हणून स्मिअर तुम्हीच करणार असाल तर स्प्रेडर नेहमीपेक्षा थोडा उभा धरा.

आता मोजमाप. आकाराची पट्टी स्लाइडवरच असते: छोट्या लिम्फोसाइटचं केंद्रक. नॉर्मल लाल पेशी साधारण तेवढीच असते. या स्लाइडवर एका फील्डमध्ये त्या केंद्रकापेक्षा स्पष्ट लहान पेशी दिसतात. त्यांचा मधला फिका भाग एक तृतीयांशापेक्षा बराच मोठा आहे, काहींना तर नुसती गुलाबी कडा उरली आहे. मध्येच लांबट, निमुळत्या पेन्सिल सेल आहेत. हा लोहाच्या कमतरतेचा चेहरा झाला. इथेच थांबू नका. त्याच फील्डमध्ये केंद्रकापेक्षा मोठ्या, अंडाकृती, काठोकाठ हिमोग्लोबिन भरलेल्या पेशी आहेत, मधला फिकेपणा जवळजवळ नाही. हे मॅक्रो-ओव्हॅलोसाइट.

फिकेपणाबद्दल एक सांगतो, कारण पावसाळ्यात आपल्याकडे हे हमखास होतं. स्मिअर लवकर वाळला नाही किंवा लिशमनच्या मिथेनॉलमध्ये पाणी शिरलं, की पेशीच्या मध्ये पंच मारल्यासारखं, धारदार कडेचं, चमकणारं भोक दिसतं. खरा हायपोक्रोमिया तसा नसतो. त्यात रंग कडेकडून मध्याकडे हळूहळू विरत जातो. फाइन अॅडजस्टमेंट किंचित हलवली की भोक चमकतं, खरा फिकेपणा चमकत नाही.

मग पांढऱ्या पेशींकडे या. बहुतेक मुलं इथे 'संख्या कमी' एवढंच लिहून पुढे जातात. न्यूट्रोफिलचे लोब मोजा. १०० न्यूट्रोफिलमध्ये पाचपेक्षा जास्त पेशींना पाच लोब असतील, किंवा एकाला जरी सहा लोब दिसले, तर ते हायपरसेग्मेंटेशन. या स्लाइडवर सहा लोबचे दोन सापडतात. माझ्या मते या केसमधली सगळ्यात वजनदार खूण हीच. लोह कमी असलं की मॅक्रोसाइट झाकले जाऊ शकतात, पण न्यूट्रोफिलचे हे लोब सहसा टिकून राहतात.

आता लिहिताना नुसतं 'डिमॉर्फिक अॅनिमिया' लिहून पेन खाली ठेवू नका. डिमॉर्फिक म्हणजे दोन प्रकार आहेत, एवढंच कळलं. कोणते दोन, हे वर्णनात यायला हवं. मी असं लिहीन:

'लाल पेशींत ठळक अॅनिसोसायटोसिस व पॉइकिलोसायटोसिस. दोन समूह दिसतात: एक मायक्रोसायटिक हायपोक्रोमिक, त्यात पेन्सिल सेल, दुसरा मॅक्रोसायटिक, त्यात मॅक्रो-ओव्हॅलोसाइट. पॉलिक्रोमेशिया नगण्य. पांढऱ्या पेशी संख्येने कमी, हायपरसेग्मेंटेड न्यूट्रोफिल आहेत, अपरिपक्व पेशी नाहीत. प्लेटलेट कमी. परजीवी दिसले नाहीत. मत: डिमॉर्फिक अॅनिमिया, लोह आणि बी-१२ किंवा फोलेट यांची एकत्र कमतरता असावी.'

'असावी' हा शब्द सोडू नका. बी-१२ की फोलेट, हे स्मिअरवरून सांगता येत नाही. माळकरी आहारावरून बी-१२ कडे झुकता येतं, तेवढंच.

इथे परीक्षक विचारतात, डिमॉर्फिक चित्र आणखी कशात दिसतं? नुसती नावं सांगू नका, फरक सांगा. कालच रक्त चढवलेल्या रुग्णात दुसरा समूह दात्याच्या पेशींचा असतो: गोल, नॉर्मल आकाराच्या, नॉर्मल रंगाच्या. लोहाच्या गोळ्या सुरू झालेल्या रुग्णात नव्या पेशी गोल, चांगल्या रंगाच्या असतात आणि सोबत पॉलिक्रोमेशिया असतो. या पॉलिक्रोमॅटिक पेशी मोठ्या असल्यामुळे मॅक्रोसाइट समजण्याची चूक होते. त्या निळसर आणि साधारण गोल असतात. मॅक्रो-ओव्हॅलोसाइट गुलाबी आणि अंडाकृती. सायडेरोब्लास्टिक अॅनिमियातही दोन समूह दिसतात, पण त्याची खात्री मज्जेच्या आयर्न स्टेनवर होते.

आपल्या जिल्ह्यापुरतं आणखी एक. सुरगाणा, पेठ, कळवण भागातला रुग्ण असेल तर सिकल सेल आणि टार्गेट सेल मुद्दाम शोधा. पण सिकल ट्रेटमध्ये स्मिअर नॉर्मल असतो, म्हणून 'सिकल सेल दिसले नाहीत' इतकंच लिहा. 'सिकल नाही' असं लिहू नका. ते सॉल्युबिलिटी टेस्ट आणि इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीवर ठरेल.

आपल्या बाईकडे परत येऊ. कुणी काउंटरचा रिपोर्ट बघून फक्त लोह दिलं, तर काय होईल? लहान फिक्या पेशींच्या जागी चांगल्या भरलेल्या पेशी येतील, हिमोग्लोबिन थोडं वाढून अडेल, आणि पुढच्या स्मिअरवर मॅक्रोसाइट जास्त उठून दिसतील. एमसीव्ही ८४ वरून शंभराकडे जाईल. आणि कुणी बी-१२ चं इंजेक्शन दिलं असेल, तर आठवड्याभरात पॉलिक्रोमेशिया दिसेल, पण हायपरसेग्मेंटेड न्यूट्रोफिल साधारण दोन आठवडे तरी दिसत राहतील. म्हणून अशी स्लाइड हातात आली की रक्त कधी घेतलं याच्यासोबत इंजेक्शन कधी घेतलं, रक्त कधी चढवलं, हेही केस पेपरवर शोधा. नसेल तर तोंडी परीक्षेत परीक्षकांना सरळ विचारा.