उतारावरचे फटाके: गळती की लीन मिश्रण?

(दुचाकीस्वारांच्या मेळाव्यातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय तुम्हाला सांगायला नकोच. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ताम्हिणी उतरतेय, तुम्ही ॲक्सिलरेटर पूर्ण सोडता आणि मागून सायलेन्सरमध्ये फट्... फटफट्... फट् असं सुरू होतं. काहींना त्यात मजा वाटते. इथेही दोनचार चेहरे खुललेले दिसताहेत, म्हणजे तुमच्या गाड्या बाहेर कुठे उभ्या आहेत ते आवाजावरून सापडतील. मेकॅनिककडे गेलात की दोन पक्ष. एक म्हणतो, ‘सायलेन्सरचा जॉइंट लीक आहे.’ दुसरा म्हणतो, ‘गाडी लीन चाललीय, पेट्रोल वाढवायला पाहिजे.’ यांतलं खरं कोण, हे सांगायचं मी कबूल केलंय.

एक गोष्ट आधीच बाजूला काढू. कार्ब्युरेटरच्या तोंडातून उलटा भडका येतो तो वेगळा आजार. त्याचं निदान टायमिंग, इनटेक व्हॉल्व्ह यांत शोधायचं. आज आपण फक्त सायलेन्सरमधल्या फटाक्यांबद्दल बोलतोय, तेही थ्रॉटल बंद असतानाच्या. आणि गाडी जुन्या धाटणीची धरू, कार्ब्युरेटरची क्लासिक 350.

थ्रॉटल बंद केला तरी चाक इंजिनाला फिरवतच असतं. समजा 3000 आरपीएम. फोर स्ट्रोक असल्यामुळे दोन फेऱ्यांत एक पॉवर स्ट्रोक, म्हणजे सेकंदाला 25 वेळा स्पार्क पडून मिश्रण पेटायला हवं. पण आत येणारी हवा जवळजवळ बंद झालेली असते. सिलेंडर चोखतोय आणि मिळत नाहीये, म्हणून इनटेकमध्ये जबरदस्त व्हॅक्यूम तयार होतो. दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे असतात तेव्हा त्या व्हॅक्यूममुळे जळालेला वायू मागे खेचला जातो. मग आत काय उरतं? चिमूटभर ताजं मिश्रण आणि भरपूर जुना धूर. स्पार्क पडतो, पण ते पेटत नाही. न पेटलेलं पेट्रोल आणि हवा तशीच सायलेन्सरच्या पाइपात ढकलली जाते. असं दोनतीनदा झालं की मध्येच एखादा स्ट्रोक नीट पेटतो, त्याची ज्वाळा पाइपात शिरते आणि तिथे साचलेलं सगळं एकदम भडकतं. ओल्या लाकडाची चूल नुसती धुमसत राहते आणि एका फुंकरीला भपकन पेट घेते ना, तसंच. तो आपला फट्.

म्हणजे पाइपात तीन गोष्टी जमल्या पाहिजेत: न जळलेलं पेट्रोल, हवा आणि पेटवणारी ज्वाळा. लीन मिश्रण पहिल्या दोन गोष्टी एकदम आणतं. पेट्रोल कमी पडल्यामुळे स्ट्रोक आणखी चुकतात आणि चुकलेल्या प्रत्येक स्ट्रोकबरोबर न वापरलेली हवाही पाइपात येते. गळती फक्त हवा आणते. सायलेन्सरमधून वायू धक्क्याधक्क्याने जातो. प्रत्येक धक्क्यामागे पाइपात दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, आणि सैल जॉइंटमधून बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणून गळती हेडजवळ असेल तर त्रास जास्त, कारण तिथे पाइप सर्वांत तापलेला असतो. मागे क्लॅम्पपाशी बारीक फट असेल तर फटाक्यांशी तिचा संबंध फारसा नसतो.

हे दोन्ही पक्ष खरे आहेत याचा पुरावा गाडीवरच बसवलेला असतो. बऱ्याच व्हॅक्यूम कार्ब्युरेटरांच्या बाजूला दोन स्क्रूंनी धरलेलं एक छोटं गोल झाकण असतं. आत रबरी डायफ्रॅम. थ्रॉटल बंद होऊन व्हॅक्यूम वाढला की तो डायफ्रॅम पायलट सर्किटकडे, म्हणजे थ्रॉटल बंद असताना पेट्रोल देणाऱ्या वाटेकडे, जाणारी काही हवा बंद करतो, म्हणजे तेवढ्यापुरतं पेट्रोलचं प्रमाण वाढतं. हे कशासाठी? फटाके थांबावेत म्हणून. म्हणजे लीन मिश्रणाचा दोष बनवणाऱ्यांनीच मान्य केला. आता दुसरी वस्तू. प्रदूषण कमी व्हावं म्हणून एक्झॉस्ट पोर्टमध्ये मुद्दाम हवा सोडणारा व्हॉल्व्ह असतो, गॅरेजमध्ये त्याला पीएव्ही म्हणतात. आपल्या क्लासिकवरही तो आहे. त्याला इनटेकमधून एक बारीक व्हॅक्यूम पाइप जातो. थ्रॉटल बंद झाला की त्या व्हॅक्यूमने ही हवा बंद व्हायची असते. म्हणजे पाइपातल्या जादा हवेचा दोषही मान्य! आणि ती बारीक पाइप तडकली की व्हॉल्व्ह बंद होत नाही, नेमक्या उतारावर पाइपात हवा जात राहते, आणि लोक सायलेन्सरचे नट आवळत बसतात.

आता मला जे आज बोलायचंच होतं ते. गाडी फटफटते म्हटल्यावर आपल्याकडे पहिला उपाय काय? ‘मोठा जेट टाकून देतो.’ कोणता जेट? मेन जेट! अहो, मेन जेटचं राज्य थ्रॉटल साधारण पाऊण उघडल्यानंतर सुरू होतं. त्याखाली नीडल आणि स्लाइडचं चालतं. आपला आजार थ्रॉटल पूर्ण बंद असतानाचा. तिथे काम फक्त पायलट जेट, त्याची हवेची वाट आणि मिक्श्चर स्क्रू यांचं. मेन जेट चार नंबरांनी वाढवला तरी उतारावर एक फट् कमी होणार नाही. होईल ते एवढंच: सपाट रस्त्यावर फुल थ्रॉटलला गाडी गुदमरेल, प्लग काळा पडेल आणि ॲव्हरेज घसरेल. मग तोच माणूस प्लग काढून दाखवणार, ‘बघा, किती काळा, आता तर गाडी रिच झाली!’ झाली नाही, तुम्ही केलीत. (हशा.) शिवाय प्लगचा रंग उतारानंतर चहासाठी थांबून बघितला तर तो कशाचा रंग? सगळ्याचाच थोडाथोडा. बंद थ्रॉटलचं निदान त्यावरून होत नाही.

याच तक्रारीचं पुढचं पान म्हणजे नवा सायलेन्सर. ‘फ्री फ्लो लावला आणि गाडी लीन झाली,’ हे वाक्य पाठ असल्यासारखं ऐकू येतं. थोडं तथ्य आहे त्यात. पण आधी हे बघा की सायलेन्सर बदलताना बेंड पाइप हेडमधून हलवला का, आणि तिथली जुनी गॅस्केटच परत दाबून बसवली का. ती गॅस्केट एकदाच चेपायची असते. दुसऱ्यांदा ती नीट बसत नाही. तिसरी शक्यता तर कोणी बोलतच नाही: फटाके आधीही होते, कंपनीच्या सायलेन्सरमधले कप्पे त्यांचा आवाज गिळत होते. आरपार जाळीच्या नळीतून ते आता ऐकू येतात. पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली घालतात त्याबद्दल मी काही बोलत नाही, इथे कोणाकोणाच्या भावना दुखावतील.

संयोजक घड्याळ दाखवताहेत. म्हणजे निदानाची क्रमवारी, जी खरं तर जाहिरातीत होती, ती आता घाईत.

समजा हीच क्लासिक, नवा सायलेन्सर, 3500 ते 2000 आरपीएमच्या उतरणीत फटफट. पहिली तपासणी गाडी रात्रभर थंड असताना. गरम झाल्यावर धातू फुगून बारीक गळती लपते. गाडी सुरू करा, जाड हातमोजा घालून ओल्या फडक्याने सायलेन्सरचं तोंड दोनतीन सेकंद दाबा आणि दुसऱ्याला हेडच्या जॉइंटपाशी कान द्यायला सांगा. फुस्स ऐकू आलं, किंवा जॉइंटभोवती काजळीची रेघ दिसली, तर नवी गॅस्केट घाला. नट आळीपाळीने थोडेथोडे आवळा, गाडी एकदा पूर्ण तापवून थंड करा आणि पुन्हा आवळा. आपल्या उदाहरणात एवढ्याने निम्मे फटाके गेले, निम्मे उरले.

दुसरी तपासणी पीएव्हीची. पोर्टकडे जाणारी रबरी नळी चिमट्याने तात्पुरती दाबून तोच उतार परत उतरा. फटाके थांबले तर व्हॉल्व्ह किंवा त्याची व्हॅक्यूम पाइप दोषी. बदला आणि चिमटा काढा, तो तिथे कायमचा ठेवायचा नाही. आपल्या गाडीत काही फरक पडला नाही.

तिसरी तपासणी मिश्रणाची. गाडी पूर्ण गरम, आयडलवर. चोक अगदी थोडा ओढा. आरपीएम वाढले तर पायलट सर्किट लीन आहे. गाडी दबली तर नाही. आणखी एक खूण: ॲक्सिलरेटर सोडल्यावर आरपीएम खाली यायला रेंगाळतात. तेव्हा स्क्रूला हात लावण्याआधी कार्ब्युरेटर आणि हेडमधला रबरी जोड वाकवून बघा. भेगेतून जादा हवा शिरते, आणि व्हॅक्यूम सर्वांत जास्त बंद थ्रॉटललाच असतो, म्हणून भेग नेमकी तिथे छळते. भेग असेल तर जोड बदला.

भेग नसेल तर स्क्रू. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, बाहेर फिरवला की रिच. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, बाहेर फिरवला की लीन. हा फरक न बघता फिरवणाऱ्यांनी अर्ध्या गाड्या बिघडवल्यात. काही गाड्यांत तो पितळी टोपीखाली लपवलेला असतो. पाव पाव फेरा, दरवेळी तोच उतार. आपल्या गाडीला अर्धा फेरा पुरला आणि एखादाच बारीक फट् उरला. तो राहू द्या. पेट्रोलचा स्क्रू तीन फेऱ्यांपुढे गेला तरी सुधारणा नसेल, तर आधी पायलट जेट साफ करा आणि मगच एक नंबर मोठा घ्या.

क्रम हाच का? कारण गळती ठेवून मिश्रण रिच केलंत तर पाइपात पेट्रोलही जास्त आणि हवाही तयार, त्यामुळे फटाके बहुधा वाढतात. म्हणून रिच केल्यावर वाढले तर परत जॉइंटकडे चला. कमी झाले तर लीनवाल्यांचा पक्ष बरोबर.

प्रश्न आलाय इंजेक्शनच्या गाड्यांचा. एका वाक्यात: तिथे ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती असेल तर बाहेरची हवा बघून ईसीयूला गाडी लीन वाटते आणि तो पेट्रोल वाढवतो. म्हणजे गळतीच मिश्रण बिघडवते, तेव्हा जॉइंट पहिला, ट्यूनिंगवाल्याचा लॅपटॉप नंतर. आणि ज्यांना फटाके हवेच म्हणून उतारावर किल स्विच बंद-चालू करायची हौस आहे, त्यांनी सायलेन्सरची शिवण कुठून फाटते ते बाहेर येऊन मला विचारा. इथे वेळ संपलाय.