सव्वीस जानेवारीला संपणारे तीस दिवस

टेबलावर जिल्हा ग्राहक आयोगाची नोटीस आहे. समजा, ती एका फर्निचरच्या दुकानदाराला आली आहे. कपाटाचं दार निखळलं, म्हणून गिऱ्हाइकाने तक्रार केली आणि आयोगाने दुकानदाराला सामनेवाला केलं. तीस दिवसांत लेखी म्हणणं द्या, असं नोटीस सांगते. प्रश्न एकच: तीस दिवस कधीपासून धरायचे?

या एका टपालावर तीन तारखा सापडतात. नोटिशीवर सहीखाली एक, लिफाफ्यावर पोस्टाच्या शिक्क्यात दुसरी, आणि पोचपावतीवर सही करताना लिहिलेली तिसरी. मोजणीला उपयोगी पडते ती तिसरी. दुकानदार गावाला गेलेला असतो, सही गल्ल्यावरचा मुलगा करतो आणि लिफाफा चार दिवस ड्रॉवरमध्ये पडून राहतो. मालकाने तो उघडला त्या दिवसापासून मोजणी धरली, तर चार दिवस हातचे गेले. टपाल घ्यायला नकार दिला, तरी पोस्टमनच्या तशा शेऱ्यावरून नोटीस बजावली गेली असंच धरतात.

आता लिफाफ्याच्या आत पाहू. नोटिशीसोबत तक्रारीची प्रत हवी. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी सांगितलं, की मुदत नुसती नोटीस मिळाल्यापासून नाही, तर तक्रारीच्या प्रतीसह नोटीस मिळाल्यापासून चालू होते. प्रत नसेल, तर गप्प बसून दिवस वाचवल्याच्या आनंदात राहू नका. त्याच आठवड्यात आयोगाकडे लेखी अर्ज करून प्रत मागा आणि ती मिळाल्याच्या तारखेची नोंद ठेवा.

आपल्या दुकानदाराला तक्रारीसह नोटीस मिळाली शनिवारी, २७ डिसेंबर २०२५ रोजी. मिळाल्याचा दिवस मोजायचा नाही. म्हणून २८ डिसेंबर हा पहिला दिवस, ३१ डिसेंबर चौथा आणि २६ जानेवारी तिसावा. तो आहे सोमवार, प्रजासत्ताक दिन. आयोगाला कुलूप.

इथे सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ चं कलम १० कामी येतं. न्यायालयात किंवा कार्यालयात करायच्या कामाच्या शेवटच्या दिवशी ते बंद असेल, तर पुढच्या उघड्या दिवशी केलेलं काम मुदतीतच धरलं जातं. म्हणजे मंगळवार, २७ जानेवारी चालतो. मधल्या सुट्ट्यांची मात्र भरपाई नाही. नाताळानंतरचे रविवार, संक्रांत, सगळे मोजणीत आले. अडतो तो फक्त शेवटचा दिवस.

'महिन्याची मुदत आहे' असं म्हणून २७ ते २७ धरणाराही इथे योगायोगाने वाचतो. हीच नोटीस एक दिवस उशिरा, २८ डिसेंबरला हातात पडली असती, तर तिसावा दिवस २७ जानेवारी आला असता. महिना मोजणारा २८ तारखेला पोचला असता, म्हणजे एक दिवस उशिरा. डिसेंबर एकतीस दिवसांचा असतो, हे तेव्हा कळतं.

सुट्टी खरंच आहे का, हे त्या आयोगाच्या स्वतःच्या यादीत पाहा. बँकेची किंवा शाळेची सुट्टी इथे उपयोगी नाही. आणि ऑनलाइन दाखल करण्याची सोय सुट्टीतही चालू असेल, तर २६ तारखेलाच अपलोड करून टाका. पोर्टल उघडं असताना कार्यालय 'बंद' होतं का, हा वाद आपल्या प्रकरणात कशाला काढायचा?

तीस दिवस पुरणार नसतील, तर आयोग जास्तीत जास्त पंधरा दिवस वाढवून देऊ शकतो. त्यासाठी कारण देऊन अर्ज करावा लागतो. ही वाढ पूर्ण मिळाली तरी पंचेचाळिसावा दिवस मूळ मोजणीनेच येतो, १० फेब्रुवारी. सुट्टीमुळे २७ तारीख चालली, म्हणून पंधरा दिवस तिथून मोजून ११ फेब्रुवारी काढू नका. कलम १० मुदत लांबवत नाही, त्या दिवशी केलेलं काम वेळेत धरतं, इतकंच. पंचेचाळिसाव्या दिवशी सुट्टी आलीच, तर तिच्या आधारावर बसू नका. लवादाच्या कायद्यातल्या अशाच वाढीव दिवसांना सुट्टीचा फायदा द्यायला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नकार दिला होता. पंचेचाळीस दिवसांपलीकडे वेळ देण्याचा अधिकार आयोगाला नाही. मग दुकानदाराचं म्हणणं नोंदीवर न घेताच प्रकरण पुढे सरकतं.

२७ जानेवारीला सकाळी काउंटरवर जाताना लेखी म्हणण्याच्या पहिल्याच परिच्छेदात हे लिहिलेलं असावं: 'तक्रारीच्या प्रतीसह नोटीस २७ डिसेंबर २०२५ रोजी मिळाली, तिसावा दिवस २६ जानेवारी २०२६ रोजी प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीचा होता, म्हणून आज दाखल करीत आहे.' सोबत टपालाच्या ट्रॅकिंगची छापील प्रत जोडा. आणि आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का स्पष्ट उमटलाय ना, हे खिडकीसमोरून हलण्याआधी बघा. पुसट असेल तर तिथेच पुन्हा मारून मागा.