पत्ता कुणाच्या तरी इनबॉक्समध्ये पडलेला असतो

नमस्कार मंडळी. आज पासवर्डबद्दल बोलायचं नाहीये, पासवर्ड विसरला तर तो बदलता येतो हे आता सगळ्यांना माहितीये. आज त्याच्या आधीची अडचण घेऊया, म्हणजे अकाउंट आहे हे पक्कं आठवतंय पण ते कुठल्या ईमेलवर काढलं होतं तेच आठवत नाही. पासवर्ड बदलायला गेलं तर पहिलाच प्रश्न येतो, तुमचा ईमेल सांगा. आणि तिथेच गाडी अडते.

माझ्या मावशीचं असंच झालं. मावशी सांगलीची. २०११ साली माझ्या मावसभावाने, म्हणजे दादाने, तिला एक जीमेल काढून दिलं आणि त्यात पिकासा अल्बमवर जुन्या वाड्याचे फोटो चढवले. पुढे वाडा पाडला, आजोबा गेले, दादाचा जुना कॉम्प्युटर भंगारात गेला. गेल्या महिन्यात मावशीने फोन करून विचारलं, "अरे, ते अंगणातले आजोबांचे फोटो कुठे बघायला मिळतील रे?" पिकासा २०१६ मध्येच बंद झालं पण त्यातले अल्बम गूगल फोटोजमध्ये गेले, त्यामुळे फोटो असणार हे मला माहीत होतं. फक्त कुठल्या पत्त्याखाली? मावशीला आठवत नाही, दादाला आठवत नाही, मला तर माहीतच नव्हतं.

आता पहिली पायरी सगळ्यांना सांगतो. जीमेलच्या लॉगिन पानावर ईमेलच्या चौकटीखाली Forgot email? असं लिहिलेलं असतं, ते दाबायचं. तिथे दोन गोष्टी विचारतात. एक, अकाउंटला जोडलेला फोन नंबर किंवा रिकव्हरी ईमेल, म्हणजे अडचणीच्या वेळेसाठी दिलेला दुसरा पत्ता. दुसरी, अकाउंटवर लिहिलेलं नाव. दोन्ही जुळलं तर त्या फोनवर किंवा त्या दुसऱ्या मेलवर कोड येतो, कोड टाकला की त्याला जोडलेल्या अकाउंटची यादी समोर येते. आडनाव टाकलं नसेल तर ते रिकामं सोडलं तरी चालतं.

आमचं गाडं अडलं ते नावापाशी. फोन नंबर मावशीने २०१६ च्या आसपास बदलला होता, जुना बंद. बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनी कंपनी दुसऱ्या कुणाला देऊ शकते, म्हणजे आज तो कुणा अनोळखी माणसाच्या खिशात असू शकतो, कोड त्यालाच जाणार, तो रस्ता सोडून द्यायचा. अशा माणसाला फोन लावून कोड मागणं तर अजिबात नको, तो बिचारा फसवणूकच समजेल आणि बरोबर समजेल. राहिला रिकव्हरी ईमेल, तो दादाचाच असणार असा अंदाज होता. मग मी दादाचा ईमेल टाकला आणि मावशीचं नाव, नुसतं पहिलं, पूर्ण, माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव, देवनागरीत, इंग्रजीत, स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडेतिकडे. दर वेळी एकच उत्तर, असं अकाउंट सापडत नाही. बरं ते उत्तर असंही सांगत नाही की ईमेल चुकला की नाव चुकलं. हे मुद्दाम केलेलं असतं बरं का, नाहीतर कुणीही कुणाचाही ईमेल टाकून त्याची अकाउंटं शोधत बसलं असतं. म्हणून सारखं सारखं आंधळेपणाने नावं टाकत बसू नका, थोड्या वेळाने ते पान तुम्हाला अडवतं आणि थांबावं लागतं.

मग मी दादाला म्हटलं, तुझा इनबॉक्स उघड. मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते हेच. आपला जुना पत्ता आपल्याला आठवत नसला तरी तो दुसऱ्यांच्या इनबॉक्समध्ये शाबूत पडलेला असतो. ज्याचा ईमेल रिकव्हरीसाठी दिलाय त्याला गूगल अधूनमधून सुरक्षेचे मेल पाठवतं, नवीन मोबाइलवरून लॉगिन झालं, पासवर्ड बदलला, असे, आणि त्यात साफ लिहिलेलं असतं की तुमचा पत्ता अमुक अकाउंटचा रिकव्हरी ईमेल आहे. तो "अमुक" म्हणजेच आपल्याला हवा असलेला पत्ता. आपण मात्र असे मेल न वाचताच सोडून देतो.

दादाने जीमेलच्या शोधाच्या चौकटीत हे टाकलं:

```
in:anywhere "recovery email"
```

यातला in:anywhere म्हणजे स्पॅम आणि कचऱ्याच्या टोपलीतही बघ असं सांगणं, नाहीतर जीमेल ती दोन्ही ठिकाणं सोडून शोधतं. टोपलीतलं ३० दिवसांनी पुसलं जातं म्हणून तिथून फार आशा नको, पण इनबॉक्सच्या तळाशी जे पडलंय ते राहतं. पहिल्या पानावर दादाच्या स्वतःच्याच अकाउंटचे मेल, दुसऱ्या पानावर २०१७ चा एक मेल, नवीन टॅब्लेटवरून लॉगिन झाल्याची सूचना. दादाने तो उघडला आणि नुसता बघतच बसला. पत्त्यात मावशीचं नाव कुठेच नव्हतं. aai, मग टिंब, मग sangli, मग त्याच्या जन्मसालाचे शेवटचे दोन आकडे. अकाउंट काढताना मावशीचं नाव दुसऱ्या कुणीतरी आधीच घेऊन ठेवलं होतं, तेव्हा त्याने घाईत सुचेल ते टाकलं. आणि नावाच्या रकान्यातही तेच, पहिलं नाव Aai, आडनाव Sangli. म्हणून इतकी नावं टाकून एकही लागलं नव्हतं. खात्रीसाठी मी परत Forgot email? वर गेलो, दादाचा ईमेल, नाव Aai Sangli, कोड आला, यादीत तो पत्ता हजर.

तर नाव टाकताना त्या वेळचा माणूस डोळ्यासमोर आणा. अकाउंट कुणी काढून दिलं, मुलाने, भाच्याने, सायबर कॅफेवाल्याने? तो तुम्हाला काय हाक मारायचा? लग्नाआधी काढलं की नंतर? दुकानाच्या नावाने काढलं का? मोबाइलवर आज दिसतं ते नाव तेव्हाही तसंच होतं असं नसतं.

रिकव्हरी ईमेल दिलेलाच नसेल तर काय? तरी दुसऱ्यांचे इनबॉक्स आहेतच. त्या काळात तुम्ही ज्यांना मेल केले असतील, बहिणीला लग्नाचे फोटो, ऑफिसात बायोडेटा, सीएला कागदपत्रं, त्यांना सांगा की तुमचं नाव टाकून जुने मेल शोधा. जीमेलमध्ये before:2014/01/01 असं जोडलं की त्या तारखेच्या आधीचेच मेल दिसतात, मग हजारो मेलमधून शोधावं लागत नाही. पाठवणाऱ्याच्या नावाखाली एक छोटा बाण असतो, तो दाबला की पूर्ण पत्ता उघडतो, कारण वरती नुसतं नाव दिसतं आणि नावावरून काही कळत नाही.

आता जीमेल सोडून दुसऱ्या कुठल्या साइटचं अकाउंट असेल, खरेदीचं, पुस्तकांचं, नोकरीचं, तर पद्धत थोडी वेगळी. आधी तुमच्या प्रत्येक मेलबॉक्समध्ये त्या साइटचं नाव शोधा, जिथे पहिला स्वागताचा किंवा पत्ता पडताळणीचा मेल सापडेल तोच बहुतेक पत्ता. पण इथे एक खोड आहे. जीमेलला टिंबाचा फरक पडत नाही, नाव आणि आडनावामध्ये टिंब टाका किंवा टाकू नका, मेल एकाच पेटीत येतो. त्या साइटला मात्र ते दोन वेगळे पत्ते वाटू शकतात. म्हणजे तुम्ही २०१३ मध्ये टिंब टाकून नोंदणी केली आणि आज टिंबाशिवाय टाकताय, तर साइट म्हणेल असं कुणी नाही. म्हणून त्या स्वागताच्या मेलमध्ये तो कुणाला आलाय ती ओळ उघडून बघा, तिथे नोंदणीच्या वेळचा पत्ता टिंबासकट असतो, तो जसाच्या तसा टाका.

काही साइटवर तर पत्ताच सापडणार नाही, कारण तुम्ही Continue with Google दाबून आत गेला होता आणि पासवर्ड कधी केलाच नव्हता. त्यासाठी myaccount.google.com/connections हे पान उघडा, तुमच्या प्रत्येक गूगल अकाउंटमधून वेगवेगळं, तिथे जोडलेल्या साइटची यादी असते. आयफोनवाल्यांनी अॅपलने साइन इन करताना ईमेल लपवायचा पर्याय निवडला असेल तर त्या साइटकडे तुमचा खरा पत्ता नसतोच, तिच्याकडे @privaterelay.appleid.com ने संपणारा बनवलेला पत्ता असतो, त्यामुळे स्वतःचा ईमेल टाकून उपयोग होत नाही, अॅपलच्याच बटनाने आत जावं लागतं.

आणि पासवर्ड बदलायच्या पानावर काही साइट म्हणतात, अकाउंट असेल तर मेल पाठवलाय. त्यात "असेल तर" हे शब्द महत्त्वाचे. मेल आला तर पत्ता बरोबर, स्पॅममध्येही आला नाही तर पुढचा पत्ता टाकून बघा. काही ठिकाणी अर्धा झाकलेला पत्ता दाखवतात, पहिलं अक्षर आणि मग ठिपके. ठिपके मोजून अक्षरं मोजू नका, ते बऱ्याचदा खऱ्या लांबीइतके नसतात. पहिलं अक्षर आणि @ नंतरचा भाग, एवढ्यावरच विसंबा.

परत मावशीकडे. पत्ता मिळाला, पासवर्ड अर्थातच कुणालाच आठवत नव्हता. आता तो बदलायचा तर दादा म्हणाला मी पुण्यातून करतो, मी म्हटलं नको, तू सांगलीला जा, घरच्या वायफायवरून कर. ज्या जागेवरून आणि ज्या मशीनवरून पूर्वी लॉगिन केलेलं असतं तिथून प्रयत्न केला तर गूगलला तुम्ही तेच आहात हे पटायला मदत होते. तो शनिवारी गेला, कोड त्याच्याच मेलवर आला, आत गेला.

मनात एक धाकधूक होती, ती सांगायची राहिली. गूगलने २०२३ च्या मे महिन्यात जाहीर केलं होतं की दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक अकाउंटं पुसायला डिसेंबर २०२३ पासून सुरुवात करणार. मावशीने तर कित्येक वर्षांत तो मेल उघडला नव्हता. पण २०१७ चा तो टॅब्लेट आठवतोय ना, त्यावर तेच अकाउंट चालू होतं आणि मावशीची नात गेल्या दिवाळीपर्यंत त्यावर यूट्यूबवर बालगीतं बघत होती, मग पडून त्याची काच फुटली. लॉगिन असताना यूट्यूब बघणं हाही वापरच धरला जातो. त्या पोरीच्या बालगीतांनी आजोबा वाचवले.

दादाने रात्रीच मला फोटो पाठवला. अंगणातली तुळस, आजोबा खुर्चीवर, मांडीवर वर्तमानपत्र, आणि मागे वाड्याचा तो निळा दरवाजा. खाली मावशीने व्हॉइस मेसेज केला होता, "अरे, त्या दरवाज्याची कडी बघ, वाकडीच आहे अजून."