सुई टोचते तिथे खड्डा का पडतो?

नमस्कार, श्रोतेहो. गेल्या वर्षी माझ्याकडे शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या. सहा वर्षांपासून इन्सुलिनवर. म्हणाल्या, "डॉक्टर, मांडीला बशीसारखा खड्डा पडलाय. दुखत नाही, खाजत नाही." त्वचा अगदी नेहमीसारखी होती, पण बोट फिरवलं की खालची चरबीच नाहीशी झालेली कळत होती. याला लायपोॲट्रॉफी म्हणतात. टोचलेल्या इन्सुलिनविरुद्ध शरीराची प्रतिकारशक्ती तिथे लढते आणि त्यात चरबीच्या पेशी नष्ट होतात, असं मानलं जातं. गाई-डुकरांच्या इन्सुलिनच्या काळात हे खूप दिसायचं. आता क्वचित, पण संपलेलं नाही. आज जास्त आढळते ती उलटी गोष्ट: तीच तीच जागा टोचून आलेली मऊ गाठ.

बोलता बोलता बाई म्हणाल्या, सुरुवातीला टोचल्यावर अर्ध्या तासात लाल गांधी उठायची, खाज यायची. ही झाली ॲलर्जी. पण ती इन्सुलिनचीच असते असं नाही. पुसायचं स्पिरिट, इन्सुलिनमधलं जंतुरोधक मेटाक्रेसॉल, किंवा दुधाळ इन्सुलिनमधलं प्रोटामिन, यांपैकी कशाचीही असू शकते. म्हणून घरी एक सोपी परीक्षा करा. एका दिवशी न टोचता नुसतं स्पिरिट लावून पाहा. गांधी उठली, तर पुढे साबण-पाण्याने धुऊन, कोरडं करून टोचा. नुसत्या स्पिरिटने काही झालं नाही, तर डॉक्टरांना सांगा. इन्सुलिनचा प्रकार बदलून पाहता येतो.

मात्र अंगभर पित्त उठलं, ओठ सुजले, श्वास लागला, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. पुढचा डोस कसा घ्यायचा, तेही तिथेच ठरवा. मनाने इन्सुलिन बंद करू नका, विशेषतः टाइप १ असेल तर. जीव धोक्यात येतो.

आता बाईंचा खड्डा. त्या वर्षानुवर्षं उजव्या मांडीतच टोचत होत्या. कारण विचारलं, तर मशीनवर बसल्या बसल्या तो पाय सोयीचा! खड्ड्यात टोचलेलं इन्सुलिन कधी लवकर, कधी उशिरा रक्तात शिरतं, म्हणून त्यांची साखर वर-खाली होत होती. आम्ही प्रोटामिन नसलेलं इन्सुलिन दिलं आणि उजवी मांडी बंद केली. पोटाचे चार भाग पाडले. दर आठवड्याला एक भाग, प्रत्येक टोचणी आधीच्या जागेपासून बोटभर दूर, सुई दर वेळी नवी. नव्या जागी इन्सुलिन जास्त चांगलं शोषलं जाऊन साखर उतरू शकते, म्हणून पहिले पंधरा दिवस दिवसातून चारदा तपासायला सांगितलं. डोस थोडा कमी करावा लागलाही.

आठ महिन्यांनी खड्डा अर्धा भरलाय. काहींचा पूर्ण भरतो, काहींचा तसाच राहतो. बाई मात्र आता टोचण्याआधी हाताने चाचपून बघतात, आणि शिवणाच्या वहीत मापांच्या शेजारी त्या दिवसाची जागा लिहून ठेवतात.