उलथणं, झारा, विळी: स्वयंपाकघराच्या कोशातल्या काही नोंदी

(दृश्य: टेबलावर मांडलेली अवजारं. एक हात एकेक उचलून कॅमेऱ्यासमोर धरतो.)

मराठी-इंग्रजी शब्दसूची करायची म्हटलं की डोळ्यांसमोर दोन रकाने येतात. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी आणि मधे बरोबरचं चिन्ह. काही शब्द या रकान्यांत मुकाट्याने बसतात. लाटणं म्हणजे रोलिंग पिन, किसणी म्हणजे ग्रेटर, संपला विषय. पण ढवळायची, उलटायची, तळणातून काढायची आणि वाढायची अवजारं पुढ्यात घेतली की त्या बरोबरच्या चिन्हावरचा विश्वास उडतो. त्यामुळे सगळं स्वयंपाकघर पालथं न घालता मोजक्या वस्तूंपाशीच थांबू.

(दृश्य: तव्यावर थालीपीठ. कडेने उलथणं आत सरकतं.)

पहिली नोंद उलथण्याची. बहुतेक जण त्यापुढे 'स्पॅच्युला' लिहून मोकळे होतात. अमेरिकेत ते चालून जाईल, कारण तिथे तव्यावरचा पदार्थ उलटायच्या अवजाराला सर्रास स्पॅच्युला म्हणतात. ब्रिटनमध्ये त्याच वस्तूला 'फिश स्लाइस' म्हणतात, आणि स्पॅच्युला म्हटलं तर पुष्कळांच्या डोळ्यांसमोर वाडग्यातलं पीठ निपटायचं लवचीक रबरी अवजार येतं. फिश स्लाइसचा तर माशाशी संबंध असायलाच हवा असंही नाही. इंग्रजी पाककृती मराठीत आणताना कुणी त्याचं 'माशाचा काप' केलं, तर अंड्याच्या पोळीत मासा कुठून आला ते वाचणाऱ्याला कळणार नाही.

म्हणजे बोलीभेद फक्त आपल्याकडेच आहेत असं समजायचं कारण नाही. इंग्रजीतला जो शब्द दोन देशांत दोन वस्तू दाखवतो, तो एकटा लिहून भागत नाही. उलथण्यासाठी त्यातल्या त्यात नेमका शब्द आहे 'टर्नर'. बोलण्यात तो कमी येतो, पण त्याने घोटाळा होत नाही. नोंदीत तो आधी यावा आणि त्यामागे अमेरिकी स्पॅच्युला आणि ब्रिटिश फिश स्लाइस, देशाच्या उल्लेखासह.

(दृश्य: एका घरातला ओटा. विचारणारी व्यक्ती हातात उलथणं धरून उभी.)

आता डावा रकाना. एकाच वस्तूला कुठे उलथणं म्हणतात, कुठे उलथनं, कुठे कालथा, आणि विदर्भात सराटा. ही नावं गोळा करताना प्रश्न कसा विचारला यावर उत्तराचा खरेपणा ठरतो. "काकू, तुम्ही उलथण्याला काय म्हणता?" असं विचारलं, तर पुस्तकातला शब्द आपणच समोरच्याच्या तोंडात घालतो. त्यापेक्षा वस्तू हातात द्यावी आणि "हे काय?" एवढंच विचारावं. "हा सराटा," असं उत्तर आलं की शेजारची वस्तू पुढे करायची: "मग हाही सराटाच का?" दुसऱ्या प्रश्नाला बरेच जण कंटाळतात, पण शब्दाची हद्द त्यानेच कळते. काकू जिथे "नाही, तो झारा" म्हणतात, तिथे सराट्याची सीमा संपते.

सराटा या शब्दाला आणखी एक टोक आहे, खरोखरच टोचणारं. सराटा म्हणजे जमिनीवर पसरणारं काटेरी तण, ज्याला गोखरू असंही म्हणतात. नोंदीत 'विदर्भ, स्वयंपाकघर' अशी खूण नसेल, तर कोशात शोधणाऱ्याच्या हाती वनस्पती लागते.

मुख्य नोंद कुठल्या शब्दाखाली करायची? माझं मत उलथणेच्या बाजूने आहे. वस्तू काय करते ते त्या नावातच ऐकू येतं, आणि मराठी येणाऱ्या कुणालाही ते अंदाजाने समजतं. बाकीच्या शब्दांना त्यांच्या त्यांच्या जागी छोटी नोंद आणि 'पाहा: उलथणे' एवढा निर्देश पुरे. मात्र उलथणे हे क्रियापदही आहे, तसंच लाटणे हेही. म्हणून नोंदीत 'नाम, नपुंसकलिंग' असं लिहायलाच हवं, आणि जोडीला अनेकवचन उलथणी. मराठी शिकणाऱ्याला 'उलथण्याने परत' या वाक्यातून मूळ शब्दापर्यंत पोचायचं असतं. त्याच्यासाठी सामान्यरूप 'उलथण्या-' दिलं तर त्याची वणवण वाचते.

(दृश्य: जुन्या कोशाची पानं उलटताना.)

इथे जुने कोश हाताशी हवेत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 मध्ये निघाला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती 1857 मध्ये. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड 1932 पासून येऊ लागले. त्यात शब्दामागे वऱ्हाडी, गोव्याकडचा, कोकणातला अशा खुणा असतात, आणि आपल्या कामाला त्याच मोलाच्या. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर हे दोन्ही कोश शोधता येतात. पण त्यांतला अर्थ जसाच्या तसा उचलू नये. ते कोश चुलीच्या काळातले आहेत. तेव्हाची वस्तू आणि आज त्या नावाने ओळखली जाणारी वस्तू एकच आहे का, हे शेवटी ओट्यापाशीच तपासावं लागतं.

(दृश्य: कढईत तेल. झाऱ्यावर पीठ ओतलं जातं, खाली कळ्या पडतात.)

दुसरी नोंद झाऱ्याची. झाऱ्यापुढे 'स्लॉटेड स्पून' लिहिलेलं हमखास सापडतं. स्लॉटेड स्पून हा खोलगट चमचा असतो आणि त्याला बहुधा लांबट चिरा असतात. झारा म्हणजे लांब दांड्याची, चपटी किंवा किंचित खोलगट, गोल भोकांची चकती. इंग्रजीत तिला जवळचा शब्द 'स्किमर'. पुऱ्या तळताना तेल निथळून पुरी वर काढायची असेल, तर स्किमर चपखल बसतो.

पण बुंदी पाडताना पाहा. एक झारा कढईच्या वर धरतात आणि त्यावर डाळीच्या पिठाचं पातळ पीठ ओततात. भोकांतून थेंब तेलात पडतात आणि त्यांच्या कळ्या होतात. दुसऱ्या झाऱ्याने त्या कळ्या निथळून काढतात. मराठीत दोन्ही झारेच. इंग्रजीत मात्र पहिल्याला स्किमर म्हटलं, तर तेलातून काहीतरी काढायचं आहे असंच वाचणारा समजेल आणि पीठ ओतायची पायरी त्याला उलगडणार नाही. म्हणून या नोंदीत दोन अर्थ क्रमांक घालून वेगळे करावे लागतात. पहिला: तळलेला पदार्थ निथळून काढायचा झारा, म्हणजे स्किमर. दुसरा: बुंदी पाडायचा झारा. त्यासाठी तयार इंग्रजी शब्द नाही, तेव्हा एका वाक्यात वर्णन द्यायचं: गोल, सारख्या आकाराच्या भोकांची चकती, जिच्यावर पातळ पीठ ओतून थेंब तेलात पाडतात.

झाऱ्याच्या खालोखाल वर्णक्रमाने येते झारी, आणि घाईत दोघांची गल्लत होते. झारा आणि झारी म्हणजे एकाच वस्तूचे मोठे-लहान नमुने नव्हेत. झारी हे तोटी असलेलं पाण्याचं भांडं. शुक्राचार्य अडकला तो तिच्यात. विळा आणि विळी यांचंही तेच: एक शेतात, एक घरात. पुल्लिंगी नाव म्हणजे मोठी वस्तू आणि स्त्रीलिंगी म्हणजे लहान, हा मराठीतला नेहमीचा आडाखा इथे दगा देतो.

(दृश्य: विळीवर भाजी चिरणारे हात. पाटावर पाय.)

विळीला इंग्रजी शब्दच नाही, आणि तो बनवण्याचा अट्टहासही करू नये असं मला वाटतं. 'फ्लोअर नाइफ' म्हटलं तर ऐकणाऱ्याला जमिनीवर पडलेली सुरी दिसते. अशा ठिकाणी इंग्रजी बाजूलाही 'विळी' हाच शब्द ठेवायचा आणि पुढे वर्णन लिहायचं. त्या वर्णनात काय आलंच पाहिजे? पातं पाटाला पक्कं बसवलेलं असतं आणि चिरताना ते हलत नाही. चिरणारी व्यक्ती पाट पायाने किंवा गुडघ्याने दाबून धरते आणि दोन्ही हातांनी भाजी पात्यावर ढकलते. सुरी हलते, भाजी थांबते. विळी थांबते, भाजी हलते. हा फरक वर्णनात आला नाही, तर 'लाकडावर बसवलेलं वाकडं पातं' एवढ्यावरून कुणाला कातडी कापायचं हत्यारही आठवेल. पुष्कळ विळ्यांच्या टोकाला नारळ खवायची दातेरी चकती असते. ती खवणी, आणि तिची नोंद वेगळी, कारण खवणी सुटीही मिळते. मालवणीत विळीला आडाळो म्हणतात, तोही निर्देशासह यायला हवा.

(दृश्य: एका व्यक्तीच्या हातात फक्त वर्णन लिहिलेलं कार्ड. समोर अवजारं.)

वर्णन जमलं की नाही, हे लिहिणाऱ्याला कळत नाही, कारण वस्तू त्याच्या डोळ्यांसमोर असते. त्यासाठी एक साधी परीक्षा आहे. फक्त इंग्रजी वर्णन लिहिलेलं कार्ड मराठी न येणाऱ्या माणसाच्या हातात द्यायचं आणि समोरच्या ढिगातून वस्तू उचलायला सांगायचं. 'वाढायचा मोठा चमचा' एवढंच लिहिलं असेल, तर एक जण डाव उचलेल, दुसरा पळी आणि तिसरा ओगराळं. इंग्रजीत तिन्ही लेडलच. वेगळेपण आणायचं तर आकार आणि वापर सांगावा लागतो: फोडणी देण्याइतकी लहान ती पळी, आमटी-भाजी वाढायचा तो डाव, पंगतीत पातळ पदार्थ काढायचं खोल वाटीचं ते ओगराळं. ही वाटणी सगळ्या घरांत सारखी नसते, म्हणून नोंदीत 'बहुधा' हा शब्द लाजायचं कारण न ठेवता लिहावा.

मापाच्या बाबतीत मात्र 'बहुधा' चालत नाही. पाककृतीतला टीस्पून 5 मिलिलिटरचा आणि टेबलस्पून साधारण 15 चा, ऑस्ट्रेलियात 20 चा. मराठीत दोघांनाही नुसतं 'चमचा' लिहिलं की मीठ तिप्पट पडू शकतं. तेव्हा तिथे लहान चमचा आणि मोठा चमचा, सोबत आकडा. उलट 'पळीभर तेल' इंग्रजीत नेताना मिलिलिटर शोधू नयेत. ते माप अंदाजाचंच आहे, 'लहान लेडलभर' एवढंच प्रामाणिक उत्तर.

(दृश्य: वाडग्यातलं केकचं पीठ निपटणारं रबरी अवजार.)

राहता राहिला तो रबरी स्पॅच्युला. याला मराठीत जुना शब्द नाही. 'निपटणी' किंवा 'खरवडणी' असा शब्द घडवावा असं सुचवणारे असतात, आणि शब्द वाईटही नाहीत. पण आपली सूची वापरात असलेले शब्द नोंदवते, आणि केक करणाऱ्या मराठी घरांत त्याला स्पॅच्युलाच म्हणतात. म्हणून तो देवनागरीत, मराठी शब्द म्हणून मराठी बाजूला येतो. त्यापुढचं इंग्रजी मात्र 'स्पॅच्युला' नव्हे, तर 'रबर स्पॅच्युला' किंवा 'स्क्रेपर'. आणि इंग्रजी-मराठी भागात स्पॅच्युलाखाली दोन ओळी: तव्यावर उलटायचा असेल तर उलथणे, वाडगं निपटायचं असेल तर स्पॅच्युला.